हसू मावळेपर्यंत

प्रेमानंद गजभिये यांचा उजवा गुडघा एरवी सज्जन होता. तीन मजले चढून आल्यावरही तो तक्रार करत नसे, बुद्धविहारात मांडी घालून बसलं तरी गप्प बसे. पण छातीशी झोपलेली नात घेऊन बाबा पांढऱ्या कॉटवर वाकले, की तो नेमका तेव्हाच बोलायचा. ‘कट्’. एवढंच. त्या एका अक्षरावर मैत्रीबाईंचे दोन्ही हात हवेत उडायचे, डोळे टक्क उघडायचे आणि पुढच्या क्षणी असा काही सूर लागायचा, की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत यायची.

“गुडघा बोलला वाटते बाबा?” सून अस्मिता स्वयंपाकघरातून विचारायची.

“तोच हरामखोर,” बाबा म्हणायचे, आणि नातीला पुन्हा खांद्यावर घेऊन आरामखुर्चीकडे वळायचे. वळताना त्यांच्या तोंडावर दुःख दिसायला हवं होतं. ते काही दिसायचं नाही.

प्रेमानंद गजभिये म्हणजे एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. नागपूरहून पारशिवनी, कळमेश्वर आणि सगळ्यात जास्त कुही, या रस्त्यांवर त्यांची उमर गेली. कुहीच्या रस्त्यावरचा कोणता खड्डा कोणत्या साली पडला हे ते सांगू शकत, आणि कोणी विचारत नसलं तरी सांगत. रिटायर झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांची बायको, प्रेमिला, गेली. म्हणजे ज्या माणसाबरोबर निवांत बसायचं म्हणून उभ्या जन्माच्या ड्युट्या केल्या, ते माणूस निवांतपणा सुरू होताच उठून गेलं.

मुलगा सुशील आणि अस्मिता सकाळी कामावर जायचे. मग नारी रोडवरच्या त्या फ्लॅटमध्ये बाबा आणि फ्रिज असे दोघंच उरायचे. त्यातला फ्रिज जास्त बोलका. दुपारी फोन वाजला तर बाबा धावत जाऊन उचलायचे. पलीकडून कुठल्या तरी कंपनीची पोरगी कर्ज घ्या म्हणायची. बाबा कर्ज घेत नसत. पण तिचं गाव कोणतं, जेवण झालं काय, तिकडं थंडी किती, एवढं विचारून घेत. शेवटी ती पोरगीच “सर, मी ठेवते” म्हणायची. घरी येणारा कंपनीचा फोन समोरच्यानं आधी ठेवावा, असं नागपुरात हे एकच घर असेल.

फारच जड झालं, की बाबा गणेशपेठच्या स्टँडवर जायचे आणि कुही गाडीत बसायचे. कुहीला उतरायचं, स्टँडवर एक चहा घ्यायचा, आणि त्याच गाडीनं परत. पूर्वी ज्या रस्त्यानं माणसं पोचवली, त्याच रस्त्यानं आता स्वतःला पोचवून आणायचं.

अशात मैत्री आली.

दीड-दोन महिन्यांची झाली तेव्हा कळलं, की ही पोरगी आईजवळ दूध पिते, बापाजवळ रडते आणि झोपते ती आजोबांच्या खांद्यावर. बाबांच्या छातीतून एक घर्रघर्र निघत असे. बिडी सोडून जमाना झाला, तरी इंजिन जुनं. त्या आवाजावर पोरगी बघता बघता पेंगायची. बाबा खोलीतून फेऱ्या मारायचे आणि तिच्या कानाशी हळूच थांबे म्हणायचे, एकेक गाव, सावकाश, कुठंही न उतरता. कुही यायच्या आत पोरगी झोपलेली असायची.

इथवर सगळं सुरळीत. खरा घाट पुढं होता. तो म्हणजे कॉट.

कॉट सुशीलनं ऑनलाइन मागवली होती. ती खोक्यातून आली तेव्हा नुसत्या पट्ट्या आणि स्क्रू होत्या. सुशीलनं रविवारभर घाम गाळून ती उभी केली आणि हातात एक स्क्रू उरला. “कंपनीनं जास्तीचा दिला असन,” तो म्हणाला. अस्मितानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, कॉट पुन्हा पूर्ण खोलायला लावली आणि दुसऱ्यांदा उभी केली. स्क्रू उरलाच. मग कागद नीट वाचला तेव्हा तो खरंच जास्तीचा निघाला. तो आता वाटीत ठेवलेला असे, आणि सुशील जरा जास्त शहाणपण बोलू लागला की अस्मिता ती वाटी त्याच्यासमोर सरकवायची.

“झोका बांधा ना साडीचा,” बाबा सुरुवातीला म्हणाले होते. “तुह्या नवऱ्याले प्रेमिलानं झोक्यातच वाढवलं.”

“बाबा, छताले आकडा कुठं आहे? पंख्याले बांधू काय?” अस्मिता हसली. मग समजावून म्हणाली, “डॉक्टर मॅडमनं सांगितलं, सपाट गादीवर, पाठीवर झोपवा. उशी नाही, गोधडी नाही, काही नाही. कॉट मोकळी पाहिजे.”

अस्मिता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. लॅब खासगी, रजा तीन महिन्यांची. ती संपत आली होती. बोलणं असं ठरलं होतं, की सकाळपासून दुपारपर्यंत मैत्री बाबांजवळ राहील. काढून ठेवलेलं दूध वाटीतल्या गरम पाण्यात कोमट करून पाजायचं, लंगोट बदलायचे, झोपवायचं. बाबांनी सगळं शिकून घेतलं. लंगोट तर ते असे बांधू लागले, की जणू गाडीच्या टपावर बोजा बांधून राहिले. राहिलं ते एकच. झोपलेलं पोर हातातून कॉटमध्ये जाईना.

अस्मितानं हेही दाखवलं होतं. “बाबा, तुम्ही डोकं आधी टेकवता. तसं नाही. पडल्यासारखं वाटते तिले. अंगाशी धरूनच वाका, आधी पाय अन् बूड टेकवा, मग पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. अन् हात लगेच काढू नका.”

“म्हणजे रिव्हर्समध्ये लावायची,” बाबा म्हणाले. हे त्यांना एका दिवसात जमलं.

“अन् झोपली की लगेच नका ठेवू. वीसेक मिनिटं थांबा. लेकराची झोप आधी कच्ची राहते.”

हे मात्र बाबांना पटलं नाही. घड्याळ पाहून कुठं झोप पिकते काय? त्यांच्याजवळ त्याहून पक्की खूण होती, आणि ती प्रेमिलाकडून आलेली होती. सुशील तान्हा असताना, एकदा ड्युटीवर निघता निघता, प्रेमिलाच्या मांडीवरचं पोर झोपेत गालातल्या गालात हसलं होतं. प्रेमिला म्हणाली होती, “सटवाई खेळवून राहिली त्याले.” दीक्षा घेतलेल्या घरात सटवाईला काही जागा नव्हती, पण बायकांच्या बोलण्यातून तिला कोणी काढलेलं नव्हतं. ते हसू बाबांच्या मनात तसंच राहून गेलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता : पोर हसलं म्हणजे खेळायला गेलं. गेलं म्हणजे इथं नाही. इथं नाही म्हणजे आता खुशाल उचला, ठेवा, ढोल वाजवा.

तर मैत्री खांद्यावर झोपायची. बाबा खुर्चीत बसून तिला हातावर घ्यायचे आणि तोंडाकडे पाहत राहायचे. थोड्याच वेळात पापण्या थरथरायच्या, ओठ चुटुचुटु हलायचे, आणि गालावर ते हसू यायचं. ‘गेली!’ म्हणून बाबा उठायचे, कॉटवर वाकायचे, पाय, बूड, पाठ, डोकं अगदी शिस्तीत टेकवायचे. आणि गुडघा बोलायचा.

मग पुन्हा खांदा, पुन्हा थांबे, पुन्हा खुर्ची. आता पोरगी खुर्चीतच झोपायची आणि बाबा तिला घेऊन बसून राहायचे. सगळी दुपार. हात मुंग्या येऊन बधिर व्हायचा, तरी ते हलायचे नाहीत. तिच्या श्वासाची ऊब बंडीतून आत शिरायची. प्रेमिला गेल्यापासून त्यांच्या अंगाला दुसऱ्या माणसाची ऊब अशी लागलीच नव्हती. सुशील वाढदिवसाला पाया पडायचा, तेवढाच स्पर्श; तोही पायाला. म्हणून कॉटचं हुकलं की बाबांना वाईट वाटायचं, पण ते फार आत जायचं नाही.

ते आत गेलं एका बुधवारी.

अस्मिता खाली भाजीच्या गाडीवर गेली होती. परत आली तेव्हा घरात आवाज नव्हता. खुर्चीत बाबा मान टाकून, तोंड उघडं ठेवून झोपले होते. आणि मैत्री त्यांच्या हातावरून घसरत खुर्चीचा हात आणि बाबांचं स्वेटर यांच्या मधे अडकून पडली होती. नाक पार लोकरीत दबलेलं.

अस्मितानं भाजीची पिशवी टाकली आणि पोरीला उचललं. पोरगी श्वास घेत होती, लाल झाली होती, उचलल्यावर रडली. रडली म्हणून अस्मिताही रडली. बाबा दचकून उठले आणि त्यांना दोघीही रडताना दिसल्या. काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. स्वेटरवर ओला, लहानसा डाग होता, त्यावरून कळलं.

अस्मिता पोरीला घेऊन आतल्या खोलीत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. गुडघ्यावर ढकलता येण्यासारखं हे नव्हतं. जन्मभरात स्टिअरिंगवर ज्याचा कधी डोळा लागला नाही, त्याचा डोळा त्या चिमुकल्या वजनाखाली लागला होता.

रात्रीच्या जेवणाला सुशीलनं विषय काढला. “बाबा, तुमचा काही दोष नाही. पण...” आणि ‘पण’नंतर तो पाणी प्यायला.

“बोल ना,” बाबा म्हणाले.

“चौकातल्या पाळणाघरात विचारून आलो. सोमवारपासून घेतो म्हणे.”

“पाळणे आहेत काय तिथं?”

“नाही. गाद्या आहेत.”

“मंग पाळणाघर काहून म्हणते त्याले?”

अस्मितानं बाबांच्या ताटात वरण वाढलं. मग अस्मिता म्हणाली, “बाबा, ती तुमच्याजवळ राहिली तर मले का नको आहे? तिकडं गेली तर लॅबमध्ये माझं चित्तच लागणार नाही. पण हातावर नाही झोपली पाहिजे. तुम्ही थकता. कोणीही थकन. मी पण एकदा बसल्या बसल्या झोपली होती.”

बाबांनी पोळीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच ठेवला. “रविवारपर्यंत थांब,” ते म्हणाले. “रविवारी तुह्या समोर ठेवून दाखवतो. नाही जमलं तर मीच नेऊन देतो पाळणाघरात.”

त्या रात्री त्यांना दिसत होतं : सोमवार, सकाळ, दार बंद झाल्याचा आवाज आणि मग फ्रिज.

गुरुवारी हसू आलं, बाबांनी ठेवलं, पोरगी उठली. त्यांनी गुडघ्याला तेल चोळलं. पुन्हा हसू आलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उठली. आणि आता तर गुडघा बोललाही नव्हता. हे फारच वाईट होतं. आरोपी निर्दोष सुटला की फिर्यादीनं कोणाकडे पाहायचं?

शुक्रवारी अस्मिता घरी होती. बाबा पायात चपला सरकवून गणेशपेठला गेले आणि कुही गाडीत बसले.

“मामा, आज पुन्हा कुही?” कंडक्टर रोहित तिकीट फाडता फाडता म्हणाला. “कोण आहे गा तिथं तुमचं?”

“चहा आहे.”

“इथं स्टँडवर भेटत नाही काय चहा?”

“इथला लवकर संपते,” बाबा म्हणाले.

त्यांच्या पलीकडच्या बाजूच्या सीटवर एक बाई बसली होती. मांडीवर लाल कानटोपीतलं पोर, मैत्रीपेक्षा थोडं मोठं असेल. दिघोरी मागे पडली तेव्हा ते झोपलं. बाबा पाहत होते. झोपलेलं पोर कोणाचंही असो, त्यांची नजर आता तिकडे जायचीच. पापण्या थरथरल्या. ओठ हलले. श्वास आधी भरभर, मग थांबल्यासारखा, मग पुन्हा भरभर. आणि गालावर हसू आलं.

‘गेलं,’ बाबा मनाशी म्हणाले.

तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. तोही असा काही मोठा नव्हता; ड्रायव्हर पोरगा चांगला होता, त्यानं नीट काढला. तरी पोराचे दोन्ही हात उडाले, डोळे उघडले आणि त्यानं भोंगा लावला.

बाबा सीटवर सरळ झाले. गाडीत तर कोणाचा गुडघा नव्हता!

बाईनं पोराला थोपटलं, पुन्हा निजवलं. पुन्हा तोच खेळ : पापण्या, ओठ, ओढाताणीचा श्वास, हसू. पण या वेळी रस्ता नीट होता. कापलेल्या धानाची धसकटं मागे जात राहिली. बाबा पाहत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की हसू येतं तसं ते जातंही. हसू जाईपर्यंत बाबा आजवर कधी थांबलेच नव्हते. पोराच्या तोंडावरून एकेक गोष्ट उतरत गेली. आधी हसू गेलं. मग कपाळावरची आठी. मग पापण्या शांत झाल्या, ओठ सैल सुटले. श्वास असा लागला, की सरळ रस्त्यावर टॉप गिअरमध्ये गाडी. इतका वेळ आवळलेली मूठ उघडली आणि हात आईच्या मांडीवरून खाली लोंबू लागला, गाडीच्या हेलकाव्याबरोबर हलत.

एक म्हैस रस्त्यात आली. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. वरच्या रॅकमधून कोणाचा तरी डबा खणखणत पडला. रोहितनं म्हशीच्या मालकाचा जाहीर उद्धार केला. अर्धी गाडी जागी झाली. ते पोर जागं झालं नाही.

हे तर बाबांना ठाऊक होतं! आरशातून त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलेलं होतं. जो पॅसेंजर झोपेत बडबडतो, डुलतो, स्वतःशी हसतो, तो प्रत्येक थांब्याला “कोणतं आलं?” म्हणून उठतो. ज्याचं तोंड उघडं आणि हात सीटबाहेर लोंबतो, त्याचं गाव मागे जातं. आजवर आरशातल्यांचं ज्ञान हातातल्या पोरीला लावायचं सुचलं नव्हतं, एवढंच.

“बाबाजी,” ती बाई शेवटी म्हणाली, “कव्हाचे टक लावून पाहून राहिले. नजर लागन ना लेकराले!”

“नजर नाही वं बाई,” बाबा ओशाळले. “शिकून राहिलो.”

“या वयात?”

“उशीर झाला खरा.”

कुहीच्या स्टँडवर चहा घेताना त्यांना प्रेमिला आठवली. सुशील मांडीवर हसत होता आणि ती म्हणाली होती, सटवाई खेळवून राहिली त्याले. तेवढंच त्यांनी जपून ठेवलं होतं. पण बशी तोंडाशी नेताना पुढचंही वर आलं. तिनं एक बोट ओठांवर ठेवलं होतं, आणि बूट घालणाऱ्या त्यांना म्हणाली होती, “थांबा जरा. इतक्यात दार वाजवू नोका.” ते थांबले नव्हते. पहिली गाडी होती. दार लावून निघून गेले होते; मागे पोर उठलं की नाही, त्यांनी पाहिलंच नव्हतं.

चहा निवला. बाबांनी तो तसाच घेतला आणि गाडीत येऊन बसले.

रविवारी दुपारी अस्मिता आणि सुशील आतल्या खोलीत गेले. दार लोटलं, पण फट ठेवली. सुशीलला सर्दी होती. तो फटीपलीकडे असा श्वास घेत होता की पाळणाघरापर्यंत ऐकू जावा. “तुम्ही मागं सरकून बसा बरं,” अस्मिता कुजबुजली. “अन् फुरफुर करू नका, नाहीतर वाटी आणते.”

बाबांनी तयारी केली होती. कॉटची चादर सकाळपासून गॅलरीच्या उन्हात वाळत घालून ठेवली होती, ती गरम गरम आणून गादीवर ताणून घातली; थंडीच्या दिवसांत उबदार छातीवरून गार कापडावर गेलं तर कोणीही उठेल. मनगटावरचं घड्याळ काढलं. चेनचं स्वेटर काढून साधी बंडी घातली. कॉटची पुढची बाजू आधीच खाली केली, तिचा खटका ऐन वेळी वाजायला नको. मग मैत्रीला खांद्यावर घेऊन चालू लागले. दिघोरी, मग पुढचं गाव, मग त्याच्या पुढचं. पोरगी झोपली. बाबा खुर्चीत नाही, आज पलंगाच्या कडेला ताठ बसले.

पापण्या थरथरल्या. हसू आलं.

फटीतून अस्मिता पाहत होती. आता उठतील, तिला वाटलं. बाबा उठले नाहीत. ते त्या हसूकडे पाहत राहिले. प्रेमिलानं ठेवलं होतं तसं एक बोट त्यांनी स्वतःच्या ओठांवर ठेवलं; कोणासाठी, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. हसू गेलं, परत आलं, गेलं. कपाळ निवळलं. श्वास लागला. मूठ उघडली. बाबांनी दोन बोटांनी तिचा हात किंचित उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

आता ठेवायचं. आता ठेवलं तर उठणार नाही, हे बाबांना पक्कं कळत होतं. आणि तरी ते बसून होते. पोरगी पार सैल झाली की जड होते. ते सगळं वजन त्यांच्या हातावर होतं, निःशंक. बाहेर कोणाला कळणार होतं, तिची झोप केव्हाची पिकली ते? थोडा वेळ त्यांनी चोरून घेतला. मग सोमवारचा फ्रिज आठवला. ठेवली तर राहील. नाही ठेवली तर जाईल. असला उफराटा सौदा त्यांनी कुठल्याच बाजारात पाहिला नव्हता.

ते उठले. अंगाशी धरूनच वाकले. पाय टेकले, बूड टेकलं.

‘कट्.’

आतल्या खोलीत सुशीलनं श्वास रोखला. अस्मितानं डोळे मिटले.

काही झालं नाही. पोरगी उताणी, तोंड किंचित उघडं, झोपलेली. बाबांनी पाठ टेकवली, डोकं सगळ्यात शेवटी, आणि मानेखालचा हात असा काढला, की जणू पुस्तकाच्या पानांतून जाळीदार पान काढून राहिले. दुसरा हात तिच्या छातीवर तसाच राहू दिला. मग एक बोट उचललं. मग दुसरं. तळवा वर आला तेव्हा तिनं एक मोठा उसासा टाकला, एवढंच. कॉटची बाजू त्यांनी दोन्ही हातांनी, आवाज न करता, वर चढवली.

अस्मिता बाहेर आली. तिनं बाबांचा बधिर झालेला हात धरून चोळला. “पाळणाघराले फोन करून नाही म्हणून सांगा,” ती नवऱ्याला कुजबुजली.

“गुडघा तर बोलला होता गा,” सुशील म्हणाला.

“त्याचं काही नाही,” बाबा म्हणाले. “तो पयलेपासूनच निर्दोष होता.”

सोमवारी अस्मिता लॅबला गेली. जाताना दारात तीनदा परत फिरली, दूध कुठं आहे ते चारदा सांगितलं, आणि जिन्यातून पाचव्यांदा ओरडून सांगणार तेवढ्यात बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. दार त्यांनी आतून धरून हळूच लावलं.

दूध झालं, ढेकर झाला, लंगोट झाला, थांबे झाले. हसू आलं आणि मावळलं. आज बाबांनी वेळ चोरला नाही. पाय, बूड, पाठ, डोकं. बोटं एकेक करून उचलली. कॉटची बाजू वर.

आणि मग ते मोकळे झाले.

घरात काही आवाज नव्हता. मग फ्रिज सुरू झाला. बंडीवर, जिथं तिचं डोकं होतं, तिथं अजून ऊब होती. बाबांनी त्यावर तळहात ठेवला, ती जरा वेळ राहिली, मग निवत गेली. गॅलरीत ऊन होतं, तिथं खुर्ची टाकून बसता आलं असतं. पेपर होता. फोन वाजला, त्यांनी घाईनं कापला. कर्ज देणाऱ्या त्या पोरीला पहिल्यांदाच कोणी जेवलीस का विचारलं नाही.

त्यांनी प्लास्टिकचं स्टूल आणून कॉटजवळ ठेवलं आणि बसले. मधे पांढऱ्या पट्ट्या होत्या. अंतर एका हाताचं, पण ती दूर होती. पार तिकडं, जिथं ब्रेक ऐकू जात नाहीत. तिला तिथवर नीट पोचवायचं काम त्यांचं होतं, आणि ते आज चोख झालं होतं. गाडी रिकामी करून डेपोत लावल्यावर पूर्वीही असंच व्हायचं. सीटांवर माणसांच्या बसल्याच्या खुणा, आणि कोणी नाही.

बऱ्याच वेळानं तिच्या पापण्या थरथरल्या. मूठ वळली. ओठ चुटुचुटु झाले आणि गालावर हसू आलं.

बाबा स्टुलावरून पुढे सरकले. आली वाटते परत. दोन्ही हात आपोआप उठले. आता ती जरा कुरकुरली की उचलायचं, उगाच रडवायचं कशाला. हसू वाढलं. मग कपाळ निवळलं, एक उसासा आला, मूठ हळूहळू उघडली, आणि ती पुन्हा गेली.

बाबांनी हात मांडीवर ठेवले.

“थांबतो,” ते कोणालातरी म्हणाले, अगदी हळू, कॉटच्या पलीकडे जाणार नाही इतक्या आवाजात.